छत्तीस वर्षे, पाच महिने आणि एकोणतीस दिवस

निरोपाच्या भाषणातली बहुतेक वाक्यं कुणालाही चालतात. मनमिळाऊ, कर्तव्यदक्ष, हसतमुख, कार्यालयाचा आधारस्तंभ. नाव बदललं की पुढच्या महिन्याला पुन्हा तयार. एकच वाक्य असं असतं, जे त्या माणसाखेरीज दुसऱ्या कुणाला बसत नाही: "आज ते अमुक वर्षे, अमुक महिने आणि अमुक दिवसांच्या प्रदीर्घ सेवेनंतर नियत वयोमानानुसार सेवानिवृत्त होत आहेत." म्हणूनच ऐकणारे इतर सगळ्या वाक्यांना माना डोलावतात आणि या एका वाक्याला कान टवकारतात. मागच्या एका निरोपाला साहेबांनी आकडा वाचला आणि उत्सवमूर्तींनी खुर्चीतूनच सांगितलं, "साहेब, एक महिना कमी झाला." सभागृह हसलं. ते स्वतः हसले नव्हते.

त्यामुळे आमच्या आवक-जावकच्या काकांची निवृत्ती आली, तेव्हा साहेबांनी भाषण लिहायला आस्थापनेत, म्हणजे माझ्याकडे दिलं आणि वर बजावलं, "आकडा नीट काढ."

मला वाटलं, यात काय काढायचं? रुजू तारीख ३० ऑगस्ट १९८६. निवृत्ती २८ फेब्रुवारी २०२३. वजाबाकी. शाळेत शिकवतात तशी मांडली: वर निवृत्तीचं वर्ष, महिना, दिवस, खाली रुजू होण्याचं. अठ्ठावीसातून तीस जात नाहीत म्हणून एक महिना उसना घेतला, महिन्याचे तीस दिवस धरले. अठ्ठावन्नातून तीस गेले, राहिले २८. उसना दिल्यामुळे फेब्रुवारीचा एक उरला, त्यातून आठ जात नाहीत म्हणून एक वर्ष उसनं, तेरातून आठ गेले, ५. बावीसातून शहाऐंशी, म्हणजे ३६. छत्तीस वर्षे, पाच महिने, अठ्ठावीस दिवस. कागदावर लिहिलं, खाली दुहेरी रेघ मारली.

शेजारच्या टेबलावरच्या लेखा शाखेतल्या मॅडमनी मान वळवून कागद पाहिला. "एक मिळवलास का?"

"कशाचा एक?"

"अगं, सोमवार ते बुधवार कामाला आलीस तर किती दिवस आलीस? तीन. बुधवारातून सोमवार वजा केलास तर दोन येतात."

बरोबर होतं. वजाबाकी दोन तारखांमधलं अंतर सांगते, आणि नोकरी म्हणजे अंतर नव्हे. त्यात पहिला दिवसही येतो आणि शेवटचाही. एक मिळवला. एकोणतीस.

मग मलाच शंका आली. उसना घेतलेला महिना तीस दिवसांचा का? फेब्रुवारीच्या आधीचा महिना जानेवारी, तो एकतीसचा. तो धरला तर वजाबाकीतून २९ येतात आणि एक मिळवून ३०. मी बोटांवर मोजून पाहिलं. ३० ऑगस्ट १९८६ ते २९ ऑगस्ट २०२२, छत्तीस वर्षं पूर्ण. ३० ऑगस्टपासून २९ जानेवारी २०२३ पर्यंत पाच महिने पूर्ण. उरले ३० आणि ३१ जानेवारी हे दोन आणि फेब्रुवारीचे अठ्ठावीस. तीस दिवस. म्हणजे छत्तीस, पाच, तीस. पण "पाच महिने आणि तीस दिवस" हे कानाला कसंतरीच लागतं. ऐकणारा लगेच म्हणणार, तीस दिवस म्हणजे महिनाच की, सहा म्हणा!

आणि हेडक्लार्कांनी खरोखर सहाच काढले. त्यांची पद्धत जुनी आणि मला तर सगळ्यांत सुबक वाटली. ते वजाबाकी करतच नाहीत. आधी कॅलेंडरचे पूर्ण महिने उचलतात. सप्टेंबर १९८६ ते ऑगस्ट २०२२, छत्तीस वर्षं. सप्टेंबर २०२२ ते फेब्रुवारी २०२३, सहा महिने. बाहेर राहिले ऑगस्ट ८६चे ३० आणि ३१, दोन दिवस. छत्तीस वर्षे, सहा महिने, दोन दिवस. कुठे उसनं नाही की पासनं नाही.

एव्हाना माझ्याकडे एकाच माणसाच्या एकाच नोकरीचे चार आकडे झाले होते. तेव्हा मी तेच केलं, जे हल्ली सगळे करतात. एक्सेल उघडलं. एका चौकटीत रुजू तारीख, दुसरीत निवृत्तीची, आणि मॅडमनी शिकवल्याप्रमाणे शेवटचा दिवस धरला जावा म्हणून सूत्रातच एक मिळवला:

```
=DATEDIF(A1,B1+1,"y")
=DATEDIF(A1,B1+1,"ym")
=DATEDIF(A1,B1+1,"md")
```

उत्तर आलं: ३६, ६ आणि उणे १.

छत्तीस वर्षे, सहा महिने आणि उणे एक दिवस. मी साहेबांच्या आवाजात ते वाक्य मनात वाचून पाहिलं आणि खिडकीकडे तोंड करून हसून घेतलं.

नंतर शोधलं, तेव्हा कळलं की या सूत्रातल्या शेवटच्या भागाबद्दल, म्हणजे त्या "md" बद्दल, मायक्रोसॉफ्टनेच सावध केलेलं आहे: उत्तर ऋण, शून्य किंवा चुकीचं येऊ शकतं. कारण समजून घेतलं की ते अगदी कारकुनी आहे. १ मार्चपर्यंत मोजताना सूत्र म्हणतं, ३० ऑगस्टपासून ३० फेब्रुवारीपर्यंत सहा महिने झाले. ३० फेब्रुवारी कधी उगवतच नाही, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. मग उरलेले दिवस काढायला ते मार्चच्या आधीच्या महिन्याचे अठ्ठावीस घेतं, त्यात मार्चचा एक मिळवतं आणि तीस वजा करतं. उणे एक. माझ्यासारखंच तेही उसनं घेत होतं. मी तीसचा महिना उसना घेतला आणि त्याने अठ्ठावीसचा, एवढाच फरक. महिन्याच्या २९, ३० किंवा ३१ला रुजू झालेला आणि फेब्रुवारीच्या अखेरीस निवृत्त होणारा माणूस असला की हा घोळ हमखास समजावा. १० तारखेला रुजू होऊन जून अखेरीस जाणाऱ्याच्या हिशेबात असली थट्टा होत नाही.

मग मी नुसते दिवस मोजले. छत्तीस वर्षांचे प्रत्येकी ३६५ प्रमाणे १३,१४०. मधली लीप वर्षं ८८, ९२, ९६, २०००, ०४, ०८, १२, १६ आणि २०, म्हणजे नऊ जास्तीचे. शतकाची वर्षं एरवी लीप नसतात, पण २०००ला चारशेने भाग जातो म्हणून तेही आलं. १३,१४९. वर हेडक्लार्कांचे सहा महिने, १८१ दिवस, आणि ऑगस्टचे दोन. एकूण १३,३३२. हा आकडा कुणीही, कसाही मोजला तरी हलत नाही. भांडण दिवसांचं नव्हतंच. ते सगळं महिना नावाच्या मापाचं होतं, जे कधी २८ असतं आणि कधी ३१. कापड मोजायला असला गज कुणी वापरणार नाही. आपण माणसाची नोकरी मोजतो.

पण भाषणात "तेरा हजार तीनशे बत्तीस दिवस" वाचणं म्हणजे गुन्हेगार सुटून आल्यासारखं. साहेबांना विचारलं, तर ते सहीच्या फायलींतून मान वर न करता म्हणाले, "साडेछत्तीस वर्षं म्हण की सरळ." त्यांचं चूक नव्हतं. साडेछत्तीस म्हटल्यावर कुणाचं काही बिघडणार नव्हतं. पण त्यांनीच आधी नीट काढ म्हटलं होतं, आणि मागच्या वेळचा तो न हसलेला चेहरा माझ्या डोळ्यांसमोर होता. मी अभिलेख कक्षात जाऊन सेवापुस्तक काढलं. खरं तर सुरुवातच तिथून करायला हवी होती. रुजू तारीख मी संगणकातल्या यादीतून घेतली होती, आणि यादी करणाऱ्याने सेवापुस्तक किती वाचलं असेल ते आस्थापनेत बसलेल्या माणसाने सांगायला नको.

काकांचं सेवापुस्तक दोन भागांचं, कापडी पाठीचं. पहिल्या पानावर एकवीस वर्षांच्या मुलाचा फोटो, बोटांचे ठसे, उंची, आणि ओळखीची खूण म्हणून "उजव्या भुवईवर व्रण". मी रोज त्या भुवईसमोर टपाल घेऊन उभी राहते. व्रण कधी दिसला नव्हता. पुढे वेतनवाढी, रजा, आणि दर वर्षी एकाच साच्याची ओळ: अमुक एप्रिल ते अमुक मार्च या कालावधीतील सेवा वेतन देयकांवरून पडताळली. या ओळीला पडताळणी म्हणतात आणि निवृत्तीच्या वेळी तिचं मोल कळतं. एखाद्या वर्षाची ओळ राहून गेली असेल तर तीस वर्षांपूर्वीची देयकं धुंडाळत बसावं लागतं. काकांची एकही राहिली नव्हती. काही वर्षी ती त्यांनी स्वतः मागे लागून लिहून घेतली असणार, शाईवरूनच कळत होतं. सही साहेबांच्या निळ्या शाईत आणि मजकूर काकांच्या काळ्या.

रजांच्या पानावर मात्र एक नोंद होती. १९९४, असाधारण रजा, ४७ दिवस, विनावेतन. कारण: घरगुती. निवृत्तिवेतनाच्या हिशेबात असे दिवस अर्हताकारी सेवेतून वजा होतात. वैद्यकीय दाखल्यावर घेतली असती तर धरले गेले असते. त्या सत्तेचाळीस दिवसांत काय झालं होतं, ते मी विचारलं नाही. "घरगुती" हा शब्द कारणाच्या रकान्यात लिहितात, तो पुढे कुणी विचारू नये म्हणूनच.

आणि त्या कपातीने पैशात काहीच फरक पडत नव्हता, हे आणखी वेगळंच. आमच्या नियमांत सेवा मोजतात ती सहामाहीत. पूर्ण वर्षाच्या दोन सहामाही. सहामाही पूर्ण होऊन वर उरलेले महिने तीन किंवा त्याहून जास्त असतील तर आणखी एक, कमी असतील तर सोडून द्यायचे. सत्तेचाळीस दिवस वजा केले काय, न केले काय, काकांच्या त्र्याहत्तर सहामाहीच होत होत्या. त्यातही उपदानाची, म्हणजे ग्रॅच्युइटीची, मोजणी सहासष्ट सहामाहींवर, म्हणजे तेहतीस वर्षांवर थांबते. नियमाच्या दृष्टीने काकांची शेवटची तीनेक वर्षं मोजायच्या पट्टीबाहेर पडली होती. एकोणतीस की तीस, हा प्रश्न कुठल्याही देयकात येणार नव्हता. तो फक्त भाषणात येणार होता.

पुस्तक मिटता मिटता पुन्हा पहिल्या नोंदीकडे नजर गेली. "दि. ३०-८-१९८६ (म.नं.) रोजी रुजू." म.नं. म्हणजे मध्यान्हनंतर. म्हणजे दुपारी. आणि दुपारी रुजू होणाऱ्याचा तो दिवस धरत नाहीत. वेतन आणि सेवा दुसऱ्या दिवसापासून. यादी करणाऱ्याने कंसातली दोन अक्षरं टाकून दिली होती. काकांची सेवा ३१ ऑगस्ट १९८६ला सुरू झाली होती. कॅलेंडर काढून पाहिलं, तर तो रविवार. माणूस शनिवारी दुपारी येऊन बसला आणि नोकरी लागली रविवारी, घरी.

एक दिवस गेला. १३,३३१. छत्तीस वर्षे, पाच महिने, एकोणतीस दिवस.

आता हे काकांना सांगायचं होतं. माझी तारीख चुकायला नको, एवढ्या साध्या कारणासाठी मी विचारायला गेले. ते आलेल्या टपालावर शिक्के मारत होते. मी म्हटलं, "काका, तुम्ही पहिल्या दिवशी दुपारी आला होतात?"

शिक्का हवेतच थांबला. "अकराला आलो होतो गं. नेमणुकीचा कागद घेऊन. बडे बाबू म्हणाले, साहेब बाहेर गेलेत, ते आल्यावर हजर करून घेतील. साहेब आले दीड वाजता." मग शिक्का उतरला. "शनिवार होता. तोवर बसून काय करायचं म्हणून त्यांनी मला आवक नोंदवही दिली. चौदा पत्रं चढवली मी. रुजू व्हायच्या आधी."

"मग तो दिवस धरला नाही तुमचा."

"नाहीच धरत," ते म्हणाले. "महिनाअखेरीला पगार आला नाही ना दोन दिवसांचा, तेव्हाच कळलं. एकच दिवसाचा आला."

मी ती नोंदवही पाहायला मिळेल का, असं विचारलं, म्हणजे चौदा पत्रं. ते हसले. आवक नोंदवह्यांची जतन करायची मुदत कधीच संपली होती. नष्ट करायच्या कागदांची यादीही त्यांनीच केली होती.

मी म्हटलं, "काका, मी तीस लिहिते. भाषणच आहे. ऑडिट थोडंच होणार आहे भाषणाचं?"

"छे छे. एकोणतीस लिही." ते खुर्चीत मागे रेलले. "माझा निवृत्तीचा आदेश वाचलास का? त्यात काय लिहिलंय?"

वाचला होता, पण आठवेना. काकांनी खणातून प्रत काढून बोट ठेवलं. "दि. २८-२-२०२३ (म.नं.) रोजी नियत वयोमानानुसार सेवानिवृत्त."

"पहिल्या दिवशी दुपारी आलो, दिवस गेला. शेवटच्या दिवशी दुपारी जाणार, तर दिवस पूर्ण धरला. फिटंफाट."

मी माझ्या टेबलाशी आल्यावर बराच वेळ त्या फिटंफाटीकडे बघत होते. दुपार ते दुपार मोजलं तर खरंच १३,३३१ दिवस भरतात, ना एक जास्त ना एक कमी. एक मिळवायची गरजच नाही. मॅडमचा तो एक दोन्ही टोकांना अर्धा अर्धा कापला जाऊन नाहीसा झाला होता. गंमत म्हणून एक्सेलच्या सूत्रातलं "+१" खोडून पाहिलं. ३६, ५, २९. म्हणजे सूत्राला चुकीची रुजू तारीख दिली आणि शेवटचा दिवस धरायला विसरलं, तर उत्तर बरोबर. दोन चुका एकमेकींना कापतात, असं लेखा शाखेत नेहमी म्हणतात. तपासणीत याच चुका सर्वांत उशिरा सापडतात, हेही तेच लोक सांगतात.

सत्तेचाळीस दिवसांचं काय करायचं, ते मी एकटीनेच ठरवलं. निवृत्तिवेतनाच्या प्रकरणात वजा केले: छत्तीस, चार, बारा. भाषणात नाही केले. त्या दिवसांत काका कार्यालयात नव्हते हे खरं. पण कार्यालयाचे नव्हते, असं कुठल्या कागदावर लिहिलेलं नाही. हेडक्लार्कांनी मसुदा पाहिला, पेन्सिलीने "३६-६-१ ?" असं समासात लिहिलं, कारण त्यांच्या पद्धतीने तेच येतं आणि तेही तितकंच खरं आहे. मी पेन्सिल खोडली नाही, पण आकडाही बदलला नाही. काकांनी ऐकायचा आकडा काकांनी सांगितलेलाच असू दे.

मंगळवारी चार वाजता साहेबांनी भाषण वाचलं. कर्तव्यदक्ष झालं, हसतमुख झालं. मग ते वाक्य. "छत्तीस वर्षे, पाच महिने आणि एकोणतीस दिवस." साहेबांनी नकळत थांबून पहिल्या रांगेकडे पाहिलं, मागच्या वेळच्या धसक्याने. काकांनी मान हलवली, बिल हातात घेऊन बेरीज जुळल्यावर हलवतात तशी.

उत्तरादाखल ते दोनच मिनिटं बोलले. चौदा पत्रांचा उल्लेख केला नाही. आवक क्रमांक देताना आधी तारीख पाहा, मग पत्र वाचा, एवढं एक त्यांच्या जागी येणाऱ्या मुलाला सांगितलं.

कार्यक्रमानंतर कार्यमुक्तीचं पत्र सहीसाठी आत गेलं आणि बाहेर आलं. त्याला जावक क्रमांक हवा होता, आणि जावकचं टेबल अजून काकांचंच होतं. नवा मुलगा बाजूला उभा राहिला. काकांनी नोंदवही ओढली, क्रमांक टाकला, विषय लिहिला, "कोणास" या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. तारखेपुढे त्यांनी कंस केला आणि बारीक अक्षरांत लिहिलं, म.नं.

जावक नोंदवहीत वेळेचा रकाना नसतो. नव्या मुलाने माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलले नाही.